फुल एचडी की फोर-के? मोबाइलवरील चित्रीकरणाचा हिशेब

मोबाइलच्या कॅमेऱ्यात व्हिडिओचे सेटिंग उघडले की 1080p 30, 1080p 60, 4K 30, 4K 60 अशी यादी दिसते. यातला पहिला आकडा चित्र किती ठिपक्यांचे बनेल ते सांगतो. त्याला रिझोल्यूशन म्हणतात. दुसरा आकडा एका सेकंदात किती चित्रे टिपली जातील ते सांगतो. तो फ्रेम रेट. आकडा जितका मोठा तितका व्हिडिओ चांगला, असे समजून बरेच जण यादीतला शेवटचा पर्याय निवडतात आणि तो तसाच राहू देतात. पण हे दोन्ही आकडे वाढले की फोनमधली जागा भराभर संपते आणि हात हलला तरी चित्र स्थिर ठेवण्याची फोनची ताकद घटते. त्यामुळे काय टिपायचे आहे, कुठे उभे राहून आणि किती उजेडात, हे पाहूनच सेटिंग ठरवावे लागते.

दोन आकड्यांचा अर्थ

1080p म्हणजे फुल एचडी. या चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण सुमारे २१ लाख. फोर-केमध्ये ३८४० आणि २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. दोन्ही बाजू दुप्पट झाल्यामुळे एकूण ठिपके चौपट होतात.

हा चौपट फरक डोळ्यांना दिसतो का, हे पडद्याच्या आकारावर आणि बसण्याच्या अंतरावर अवलंबून असते. ४३ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर असते. त्यावर फुल एचडीचा एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा होतो. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखतो. त्या हिशेबाने अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका सुमारे साडेपाच फुटांपर्यंतच वेगळा दिसतो. घरातला सोफा टीव्हीपासून आठ-दहा फुटांवर असेल, तर फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक बहुतेकांना कळणार नाही. मोबाइलच्या पडद्यावर तर तो आणखी कमी जाणवतो. फोर-केचा खरा उपयोग मोठा पडदा जवळून पाहताना होतो, किंवा नंतर संपादन करताना चित्राचा एखादाच भाग मोठा करून घ्यायचा असेल तेव्हा.

फ्रेम रेटचा संबंध हालचालीशी आहे. बोलपट आल्यापासून सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमवर स्थिरावला. भारतात टीव्ही २५ फ्रेमवर चालत आला, तर अमेरिकी टीव्हीच्या परंपरेतून आलेला ३० हा आकडा आज मोबाइलवर रुळला आहे. बोलणारी माणसे, घरगुती समारंभ, निसर्गदृश्य यांसाठी ३० पुरेसे असतात. वेगवान हालचालीत मात्र फरक पडतो. लेझीम खेळणाऱ्याचा हात सेकंदाला तीन मीटर वेगाने फिरत असेल, तर ३० फ्रेममध्ये दोन लागोपाठच्या चित्रांत तो दहा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. ६० फ्रेममध्ये हे अंतर पाच सेंटिमीटर होते आणि हालचाल सलग वाटते. शिवाय ६० फ्रेमचे चित्रण नंतर निम्म्या वेगाने दाखवले तरी अडखळत नाही, कारण मंद केल्यावरही सेकंदाला ३० फ्रेम उरतात.

जागा कशी भरते

फोर-केच्या एका फ्रेममधल्या प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले, तर सेकंदाला ३० फ्रेमच्या हिशेबाने एका मिनिटाच्या कच्च्या चित्रणाला सुमारे ४५ जीबी जागा लागेल. इतकी माहिती कोणताच फोन साठवत नाही. फोन एक फ्रेम पूर्ण ठेवतो आणि पुढच्या फ्रेममध्ये त्या मानाने काय बदलले तेवढेच नोंदवतो. मागची भिंत जागची हललेली नसते, म्हणून ती पुन्हा लिहावी लागत नाही. अशा युक्त्यांनी माहिती आवळून ती कच्च्या आकाराच्या दोनशेव्या भागापेक्षाही कमी केली जाते.

किती आवळायचे हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. आयफोनच्या सेटिंगमध्ये मिनिटामागे लागणाऱ्या जागेचा अंदाज लिहिलेलाच असतो. मॉडेलनुसार आकडे थोडे बदलतात, पण नव्या पद्धतीच्या आवळणीत ते साधारण असे आहेत: 1080p 30 ला ६० एमबी, 1080p 60 ला ९० एमबी, 4K 30 ला १७० एमबी आणि 4K 60 ला ४०० एमबी.

या आकड्यांत पाहण्यासारखे बरेच आहे. फ्रेम दुप्पट झाल्या तरी फुल एचडीची जागा दुप्पट न होता दीडपटच होते. सेकंदाच्या साठाव्या भागात दृश्य फारसे बदलत नाही, त्यामुळे नोंदवायचे थोडेच उरते. ठिपके चौपट झाले तरी ३० फ्रेमच्या फोर-केला जागा तिपटीहून थोडी कमीच लागते, कारण शेजारशेजारचे ठिपके बहुधा एकाच रंगाचे असतात. मात्र फोर-केमध्ये ३० वरून ६० वर गेले की जागा दुपटीपेक्षाही वाढते. या सेटिंगसाठी कंपनीने माहितीचा ओघ मुद्दाम सैल ठेवलेला आहे. त्यामुळे ठिपके आणि फ्रेम यांचा नुसता गुणाकार करून फाइलचा आकार सांगता येत नाही. स्वतःच्या फोनचा आकडा हवा असेल, तर प्रत्येक सेटिंगवर एकेक मिनिट चित्रण करावे आणि फाइलच्या तपशिलात तिचा आकार पाहावा.

आवळण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. H.264 ही पद्धत २००३ ची, HEVC ही २०१३ ची. तेवढ्याच दर्जासाठी HEVC ला जवळपास निम्मी जागा पुरते. आयफोनमध्ये ‘High Efficiency’ निवडले तर HEVC वापरली जाते आणि ‘Most Compatible’ निवडले तर H.264, अनेक अँड्रॉइड फोनमध्येही असा पर्याय व्हिडिओच्या सेटिंगमध्ये सापडतो. नव्या पद्धतीची अडचण एवढीच, की जुन्या संगणकावर किंवा टीव्हीवर फाइल उघडत नाही, किंवा अडखळत चालते.

या आवळणीची मर्यादा गुलाल उधळला की लगेच दिसते. हवेत उडणारा प्रत्येक कण दर फ्रेमला जागा बदलतो, म्हणजे मागच्या फ्रेममधले जवळपास काहीच पुन्हा वापरता येत नाही. नोंदवायचे तर खूप असते, पण मिनिटाला किती एमबी खर्चायचे हे मोबाइलमध्ये जवळपास ठरलेले असते. मग फोन तपशील टाकून देतो आणि गुलालाच्या ढगाचे चौकोनी तुकडे पडल्यासारखे दिसू लागतात. पाऊस, धबधबा, कारंजी यांच्या चित्रणातही हेच घडते. भिंतीपुढच्या मखराचे चित्र त्याच सेटिंगवर स्वच्छ येते.

चित्र स्थिर राहते ते कशामुळे

मोबाइलमध्ये हाताचा कंप दोन प्रकारे झाकला जातो. पहिला प्रकार यांत्रिक. यात लेन्स किंवा सेन्सर अतिसूक्ष्म अंतरात उलट दिशेने हलतो आणि बोटांची थरथर तिथेच जिरते. ही सोय असेल तर बहुधा मुख्य लेन्सला असते. रुंद दृश्य दाखवणाऱ्या लेन्सला ती बऱ्याचदा नसते. चालताना बसणाऱ्या मोठ्या धक्क्यांपुढे ती एकटी पुरत नाही.

दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक. फोनमधला जायरोस्कोप फोन किती आणि कुठे वळला ते मोजत असतो. कॅमेरा लागते त्यापेक्षा थोडे मोठे दृश्य टिपतो आणि त्यातून आतला चौकोन कापून घेतो. फोन उजवीकडे ढळला की हा चौकोन तितकाच डावीकडे सरकवला जातो, त्यामुळे पाहणाऱ्याला चित्र जागच्या जागी दिसते. कडेला मोकळी जागा जितकी जास्त, तितका मोठा धक्का झाकता येतो.

रिझोल्यूशन आडवे येते ते याच ठिकाणी. १२ मेगापिक्सेलच्या नेहमीच्या सेन्सरवर आडवे साधारण ४०३२ ठिपके असतात. ४८ किंवा ५० मेगापिक्सेलचे अनेक सेन्सरही शेजारचे चार-चार ठिपके एकत्र करून व्हिडिओसाठी जवळपास एवढेच ठिपके देतात. फोर-केला त्यातले ३८४० लागतात. उरतात १९२, म्हणजे प्रत्येक बाजूला फक्त ९६. रुंदीच्या अडीच टक्क्यांइतक्या या पट्टीत चालण्याचा धक्का मावत नाही. तेव्हा फोनपुढे दोनच वाटा राहतात: चौकोन आणखी लहान कापून तो ताणून फोर-केएवढा करायचा, किंवा स्थिर करण्याचे काम हलक्या हाताने करायचे. पहिल्या वाटेने बारकावा जातो, दुसरीने स्थिरता.

फुल एचडीत हा पेच पडत नाही. चारही कडांना दहा टक्के कापले तरी ४०३२ मधले ३२०० हून अधिक ठिपके हातात राहतात आणि लागतात फक्त १९२०. चित्र ताणावे लागत नाही, उलट ते आक्रसून बसवले जाते. म्हणून धक्के सर्वाधिक झाकणारे मोड बहुधा फोर-केच्या खाली थांबतात. आयफोन १४ मध्ये २०२२ साली आलेला ॲक्शन मोड हे त्याचे ठळक उदाहरण. धावताना चित्रण करता यावे म्हणून केलेला हा मोड फोर-के देत नाही, तो २.८के पर्यंतच जातो.

फ्रेम रेटचाही यात वाटा आहे. ३० फ्रेमला प्रत्येक चित्रासाठी प्रोसेसरला सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात, ६० फ्रेमला निम्मेच. तेवढ्यात चित्र वाचायचे, कापायचे, सरळ करायचे आणि आवळायचे असते. हे झेपत नसेल तर 4K 60 निवडताच काही फोन इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण गुपचूप बंद करतात. शिवाय सतत इतके काम केल्याने फोन तापतो; उन्हात तर काही मिनिटांतच सूचना येऊन चित्रण थांबू शकते.

आपला फोन काय करतो हे ओळखण्याची चाचणी सोपी आहे. दाराच्या चौकटीकडे तोंड करून प्रत्येक सेटिंगवर वीस पावले चालत चित्रण करावे आणि नंतर चौकटीच्या उभ्या कडेवर नजर ठेवून ते पाहावे. प्रत्येक पावलागणिक कड उसळत असेल, तर त्या सेटिंगवर स्थिरीकरण बंद किंवा कमजोर आहे. कड संथपणे तरंगत असेल, तर ते चालू आहे.

उजेड कमी असेल तेव्हा

इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण पूर्ण फ्रेम सरकवू शकते; फ्रेम टिपली जात असतानाच हात हलला आणि चित्र फराटले, तर तो फराटा त्याला पुसता येत नाही. ३० फ्रेमच्या चित्रणात एका फ्रेमसाठी शटर जास्तीत जास्त सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत उघडे राहू शकते, आणि अंधारात फोन त्याच्या जवळपास जातो. अशा वेळी चालत केलेल्या चित्रणात एक विचित्र खूण दिसते: चित्र जागेवर असते, पण पावलांच्या ठेक्यावर क्षणभर धूसर होऊन पुन्हा स्पष्ट होते. ही खूण दिसली की समजावे, कमतरता उजेडाची आहे. स्थिरीकरणाचे सेटिंग बदलून ती जाणार नाही.

फ्रेम ६० केल्या तर शटरला फार तर साठावा भाग मिळतो. फराटे कमी होतात, पण उजेडही निम्मा होतो. फोन मग चित्र कृत्रिमरीत्या उजळतो आणि त्यावर दाणे उमटतात. हे दाणे दर फ्रेमला वेगळे असल्याने गुलालासारखेच आवळणीला दाद देत नाहीत. म्हणून रात्री ६० फ्रेम निवडल्यास जागा जास्त जाते आणि चित्र मात्र वाईट येते.

भारतात आणखी एक बाब लक्षात ठेवावी लागते. इथली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. शटरचा वेळ सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग असेल, तर प्रत्येक फ्रेममध्ये लुकलुक पूर्ण संख्येने मावते आणि उजेड सारखा दिसतो. ३० फ्रेमच्या चित्रणात हे दोन्ही वेळ वापरता येतात. ६० फ्रेममध्ये पन्नासावा भाग बसत नाही, शंभरावाच उरतो आणि चित्र काळवंडते. १२० किंवा २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये तर एकही बसत नाही. म्हणून ट्यूबलाइटखाली घेतलेले स्लो मोशन लुकलुकते किंवा त्यात आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात. स्लो मोशन घ्यायचे ते दिवसाउजेडी, उघड्यावर.

एका विसर्जनाचा हिशेब

गणेश विसर्जनाच्या दिवशी फोनमध्ये २० जीबी जागा मोकळी आहे आणि दिवसभरात ४६ मिनिटांचे चित्रण करायचे आहे, असे समजू. घरच्या आरतीची दहा मिनिटे, भर दुपारी मिरवणुकीसोबत चालत वीस, लेझमाच्या खेळाची सहा आणि रात्री घाटावरची दहा.

आरतीच्या वेळी फोन स्टँडवर लावता येतो. हात लागतच नसल्याने स्थिरीकरणाची गरज नाही. पुढे संपादन करताना त्याच चित्रणातून मूर्तीचा किंवा आरती धरलेल्या आजींचा चेहरा मोठा करून घ्यायचा असेल, तर फोर-के उपयोगी पडते. निम्मी रुंदी कापून घेतली तरी फुल एचडी उरते. म्हणून इथे 4K 30. दहा मिनिटांना १.७ जीबी.

मिरवणुकीत चालायचे आहे, धक्के बसणार आहेत. इथे 1080p 30 आणि मुख्य लेन्स. वीस मिनिटांना १.२ जीबी. लेझमाच्या वेळी ऊन आहे आणि हालचाल वेगवान आहे, म्हणून 1080p 60. सहा मिनिटांना सुमारे अर्धा जीबी. एखादी उडी मंद गतीत हवी असेल, तर तेवढ्यापुरते अर्धा मिनिट १२० फ्रेमचे स्लो मोशन घेता येते. ३० फ्रेमने दाखवल्यास ते चौपट मंद दिसते. घाटावर उजेड कमी, म्हणून पुन्हा 1080p 30, मात्र चालत नाही. कोपर कठड्याला टेकवून, एका जागी उभे राहून. दहा मिनिटांना ६०० एमबी.

सगळे मिळून सुमारे चार जीबी होतात. हीच ४६ मिनिटे 4K 60 वर घेतली असती, तर १८ जीबीहून जास्त लागले असते. घाटावर पोचेपर्यंत ‘स्टोरेज फुल’ची सूचना डोक्यावर टांगलेली राहिली असती. शिवाय मिरवणुकीचे चित्र हिंदकळले असते आणि रात्रीचे दाणेदार आले असते.

चित्रण झाल्यावर फाइल कुठे जाणार, हेही या हिशेबात धरावे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने व्हिडिओ पाठवला की तो पुन्हा आवळला जातो आणि फोर-केचे जास्तीचे ठिपके वाटेतच गळतात. मूळ दर्जा टिकवायचा असेल तर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी लागते. कुटुंबाच्या ग्रुपपुरतेच चित्रण असेल, तर फोर-केची जागा वायाच जाते.

रोजच्या वापरासाठी 1080p 30 हेच कायमचे सेटिंग ठेवावे. भरपूर उजेड आणि वेगवान हालचाल असेल तर 1080p 60, फोन स्टँडवर असेल आणि नंतर कापायचे असेल तर 4K 30. उजेड, स्थिर आधार आणि भरपूर जागा या तिन्ही गोष्टी एकत्र असतील, तरच 4K 60 ला हात लावावा. समारंभाच्या आदल्या दिवशी चौकटीची ती वीस पावलांची चाचणी मात्र जरूर करून घ्यावी. मिरवणूक निघाल्यावर सेटिंग शोधायला वेळ मिळत नाही.